पारावरचे चौघे आणि एक रजिस्टर पाकीट

बदली होऊन आलेला नवा पोस्टमन पहिल्यांदाच दुबोलीला निघाला, तेव्हा जुन्या पोस्टमनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या गावात दोनच प्रकारची माणसं आहेत. खरबोले आणि खोटबोले. खरबोल्याच्या तोंडून चुकूनही खोटं निघत नाही, खोटबोल्याच्या तोंडून चुकूनही खरं निघत नाही. दिसायला सगळी सारखीच. कोण कुठल्या बाजूचा हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त तुला ठाऊक नसणार. आणि हो, परक्याच्या प्रश्नाला तिथे कुणी उत्तर देत नाही. मनात आलं तर आपणहून बोलतात. तेवढं ऐकायचं आणि काम उरकायचं."

पिशवीत एक रजिस्टर पाकीट होतं. पत्त्यावरचं नाव पावसाने पुसलं होतं, खालची ओळ तेवढी वाचता येत होती: सरपंच, मुक्काम पोस्ट दुबोली.

गावात शिरताच वडाचा पार लागला. पारावर चौघं बसली होती. काठीवर हनुवटी टेकवलेले तात्या, शेंगा सोलणाऱ्या शेवंताबाई, बैलाच्या वेसणीला गाठ मारत बसलेला रंगा आणि मोटारसायकल पुसता पुसता मध्येच टेकलेला तरणा बंडू. पोस्टमनने सवयीने विचारलं, "सरपंच कुठे भेटतील?" कुणी उत्तर दिलं नाही. पोस्टमनची नजर फिरत बंडूपाशी आली, तसा तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मी काही सरपंच नाही."

शेवंताबाईंनी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या," म्हणाल्या. मग शेंगांची टरफलं झटकत आपणहून बोलल्या, "रंगा आणि बंडू, दोघंही खरबोले आहेत हं."

रंगाने मान वर न करता सांगितलं, "तात्या खोटबोले आहेत."

तात्यांनी काठी उचलून बंडूकडे दाखवली. "बंडू खोटबोला आहे."

बंडू हसला. "शेवंताकाकू आणि मी एका बाजूचे नाही," म्हणाला आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

त्यानंतर कुणी बोललं नाही. पोस्टमन तांब्या हातात धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याने पिशवीतून पाकीट आणि सहीचा कागद काढला.

गोष्ट इथे थांबवतो. दुबोली हे गाव कल्पनेतलं आहे, पण गोष्टीची ही जात खरी आहे आणि बरीच जुनी आहे. वाचकाने इथे मिटल्या पुस्तकावर बोट ठेवून विचार करायचा असतो. पाकीट कुणाचं हे ठरवायला लागणारं सगळं वर आलेलं आहे. ज्यांना स्वतः सोडवायचं असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदाआधी कागद-पेन्सिल घ्यावी.

वाक्य काय सांगतं यापेक्षा ते कोण बोलू शकेल

अशी गोष्ट वाचताना पहिला मोह होतो तो कुणावर तरी विश्वास टाकण्याचा. तात्या वयाने मोठे, काठी टेकून बसलेले, ते कशाला खोटं बोलतील? शेवंताबाईंनी तर पाणी दिलं. पण या गावात चेहरा, वय आणि आदरातिथ्य यांचा काही उपयोग नाही. "पाणी घ्या" हे तर खरंही नाही आणि खोटंही नाही, ती विनंती आहे. "माझ्याकडे बघू नका" ही सूचना आहे. प्रश्न, आज्ञा, राम राम, यांना खरंखोटं लागत नाही. जे वाक्य "हे असं आहे" किंवा "हे असं नाही" असं सांगतं, तेच पकडायचं.

आणि ते पकडल्यावरही "हे खरं का?" असा प्रश्न लगेच विचारायचा नाही. विचारायचं ते असं: खरबोला हे वाक्य बोलला तर काय निघतं, आणि खोटबोला बोलला तर काय निघतं? दोन्ही वाटा चालून बघायच्या. एखादी वाट बंद होते, ती सोडायची. कधी दोन्ही वाटा एकाच घरापाशी येतात, तेव्हा बोलणारा कोण हे न कळताही खात्रीचं काहीतरी हाती लागतं.

सर्वांत साधं उदाहरण घेऊ. दुबोलीत "मी खोटबोला आहे" असं वाक्य कधीच ऐकू येणार नाही. खरबोला ते बोलला तर खोटं ठरेल, आणि खोटबोला बोलला तर चक्क खरं बोलल्यासारखं होईल. दोघांनाही ते तोंडातून काढता येत नाही. याच एका गोष्टीवर एक प्रसिद्ध कोडं उभं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी 1931 साली 'बॉस्टन पोस्ट' या वर्तमानपत्रात ते दिलं होतं. त्याचा गाभा असा: पहिला माणूस आपण कोण ते सांगतो, पण ते आपल्याला कळत नाही. मग दुसरा म्हणतो, "तो म्हणाला, मी खोटं बोलणारा आहे." पहिल्याचा शब्दही न ऐकता दुसरा खोटारडा ठरतो, कारण तसं कुणी म्हणूच शकत नाही.

पारावरचा हिशेब

आता आपल्या चौघांकडे येऊ. सुरुवात कुठून करायची? ज्या वाक्याच्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात तिथून. ते वाक्य बंडूचं आहे: "शेवंताकाकू आणि मी एका बाजूचे नाही."

बंडू खरबोला आहे असं धरू. मग त्याचं वाक्य खरं, म्हणजे शेवंताबाई त्याच्या विरुद्ध बाजूच्या, अर्थात खोटबोल्या. आता उलट धरू, बंडू खोटबोला आहे. मग वाक्य खोटं, म्हणजे दोघं एकाच बाजूचे. बंडू खोटबोला, तर शेवंताबाईही खोटबोल्या. बंडू कोणीही असो, शेवंताबाई खोटबोल्या आहेत. पहिली गाठ सुटली, आणि बंडूबद्दल आपल्याला अजून काहीही माहीत नाही.

शेवंताबाई म्हणाल्या होत्या, "रंगा आणि बंडू, दोघंही खरबोले आहेत." हे खोटं आहे. मग खरं काय?

इथे बहुतेक लोक घसरतात. घाईत आपण म्हणतो, "दोघंही खरबोले" हे खोटं, म्हणजे दोघंही खोटबोले. तसं नाही. "दोघंही" हा दावा खोटा पडायला एकजण खोटबोला असला तरी पुरतं. भाजी आणि भाकरी दोन्ही झाली, असं कुणी सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर दोन्ही राहिलं असंच नाही. नुसती भाकरी राहिली असेल. तेव्हा शेवंताबाईंच्या खोट्यातून एवढंच मिळतं: रंगा आणि बंडू यांच्यापैकी निदान एक खोटबोला आहे. यापेक्षा एक दाणाही जास्त घ्यायचा नाही.

पुढे रंगा म्हणतो, "तात्या खोटबोले आहेत." रंगा खरबोला असेल तर तात्या खोटबोले, आणि रंगा खोटबोला असेल तर तात्या खरबोले. म्हणजे रंगा आणि तात्या विरुद्ध बाजूंचे. तात्या बंडूला खोटबोला म्हणतात, तेव्हा त्याच न्यायाने तात्या आणि बंडू विरुद्ध बाजूंचे. रंगा तात्यांच्या विरुद्ध, बंडूही तात्यांच्या विरुद्ध. बाजू दोनच असल्यामुळे रंगा आणि बंडू एकाच बाजूचे.

आता दोन धागे एकत्र आणायचे. रंगा आणि बंडू एकाच बाजूचे आहेत, आणि त्यांच्यापैकी निदान एक खोटबोला आहे. एक खोटबोला तर दुसराही खोटबोला. तात्या त्यांच्या विरुद्ध, म्हणून तात्या खरबोले. चौघांत खरं बोलणारे एकटे तात्या, आणि रंगाने खोटारडं ठरवलं होतं ते नेमकं त्यांनाच.

उत्तर मिळालं तरी काम संपत नाही. ते परत वाक्यांवर लावून बघायचं. तात्या खरबोले: "बंडू खोटबोला" हे खरं, ठीक. रंगा खोटबोला: "तात्या खोटबोले" हे खोटं, ठीक. शेवंताबाई खोटबोल्या: "दोघंही खरबोले" हे खोटं, ठीक. बंडू खोटबोला: "काकू आणि मी एका बाजूचे नाही" हे खोटं, कारण दोघं एकाच बाजूचे आहेत. चारही ठीक.

घाईत घसरलेला वाचक इथे म्हणेल, "मी तर आधीच दोघंही खोटबोले म्हटलं होतं, तेच आलं ना?" उत्तर तेच आलं, हे खरं. पण ते योगायोगाने आलं. त्याची पायरी चुकीची होती आणि तात्यांच्या बाजूच्या वाक्यांनी त्याला सावरून घेतलं. तात्यांनी बंडूऐवजी दुसऱ्या कुणाबद्दल काही सांगितलं असतं, तर तीच पायरी त्याला भलत्याच दारात घेऊन गेली असती. या खेळात उत्तर जुळणं हा पुरावा होत नाही, कारण उत्तर चुकीच्या वाटेनेही जुळू शकतं. प्रत्येक पायरीला "याहून जास्त तर मी घेतलं नाही ना?" असं विचारणं हाच खरा पुरावा.

सोळातून एक

अशी गोष्ट लिहिणाऱ्याला वाचकापेक्षा एक काम जास्त असतं. उत्तर निघतं एवढं पाहून त्याचं भागत नाही, एकच उत्तर निघतं हेही त्याला पाहावं लागतं. चार माणसं, प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण 16 शक्यता. एका कागदावर या सोळा ओळी मांडायच्या आणि एकेका वाक्याने खोडत जायचं.

बंडूच्या वाक्याने शेवंताबाई खोटबोल्या ठरल्या, सोळांतल्या 8 ओळी उरल्या. शेवंताबाईंच्या वाक्याने रंगा-बंडू दोघं खरबोले असलेल्या ओळी गेल्या, 6 उरल्या. रंगाच्या वाक्याने 3 उरल्या. तात्यांच्या वाक्याने एकच उरली. गोष्ट नीट बसली आहे हे अशा उतरणीवरून कळतं.

आणखी एक परीक्षा असते. चारांपैकी एकेक वाक्य झाकून बघायचं. शेवंताबाईंचं वाक्य काढलं, तर रंगा आणि बंडू खरबोले, तात्या खोटबोले, असं दुसरं उत्तरही जुळतं. रंगाचं किंवा तात्यांचं वाक्य काढलं तर तीन तीन उत्तरं उरतात. बंडूचं काढलं तर दोन. म्हणजे पारावरचं कुणीही उगाच बोललेलं नाही. एखादं वाक्य काढूनही उत्तर तेच राहत असेल, तर त्या वाक्याला गोष्टीत जागा का द्यायची, याचा लेखकाने विचार करावा.

चाणाक्ष वाचक आणखी एक प्रश्न विचारतो. पोस्टमनने सरळ "हे झाड वडाचं आहे का?" असं का विचारलं नाही? समोर वड दिसतोय, हो म्हणेल तो खरबोला, नाही म्हणेल तो खोटबोला. बंडूला एवढं विचारलं की काम झालं. बरोबर आहे, आणि म्हणूनच जुन्या पोस्टमनच्या तोंडी "परक्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत" हा नियम घालावा लागला. अशा प्रत्येक गोष्टीत ही पळवाट कुठेतरी बुजवलेली असते. कुठे एकच प्रश्न विचारायची मुभा असते, कुठे प्रश्नच विचारता येत नाही. पळवाट उघडी राहिली तर चार वाक्यांची सगळी विणकाम वाया जाते.

मराठीतले दोन खड्डे

ही कोडी मराठीत लिहिताना दोन ठिकाणी विशेष जपावं लागतं.

पहिला खड्डा "नाही"चा. "गावातले सगळे खरबोले नाहीत" या वाक्याचा अर्थ काय? काहींना वाटेल, एकही खरबोला नाही. काहींना वाटेल, खरबोले आहेत, पण सगळे नाहीत. रोजच्या बोलण्यात आपण हेल काढून, "सगळे" या शब्दावर जोर देऊन अर्थ ठरवतो. कागदावर हेल उमटत नाही. दुबोलीत या दोन अर्थांनी दोन वेगळी उत्तरं निघतात. म्हणून कोड्यात "एकही खरबोला नाही" किंवा "निदान एक खोटबोला आहे" असं आडवळण न ठेवता लिहावं.

क्रीट बेटावरच्या एपिमेनिडीसची गोष्ट इथे आठवते. क्रीटचा रहिवासी असून तो म्हणाला, की क्रीटचे लोक नेहमी खोटंच बोलतात. याला हमखास विरोधाभास म्हटलं जातं. पण "सगळे खोटबोले" याचं उलट "सगळे खरबोले" असं होत नाही. "निदान एक खरबोला" असं होतं. तेव्हा एपिमेनिडीस स्वतः खोटबोला असेल आणि बेटावर दुसरा कुणीतरी एक खरबोला असेल, तर कुठेच काही अडत नाही. इथेही घसरण शेवंताबाईंच्या वाक्यापाशी झाली होती तीच.

दुसरा खड्डा "आम्ही" आणि "आपण" यांचा. बंडू पोस्टमनला "आम्ही सगळे खोटबोले" म्हणाला तर त्यात पोस्टमन येत नाही. "आपण सगळे खोटबोले" म्हणाला तर पोस्टमनही त्यात ओढला जातो, आणि तो तर ना खरबोला ना खोटबोला, तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस. मग त्या वाक्याचं खरंखोटं कसं ठरवायचं? मराठीत हा फरक एका शब्दात करता येतो ही सोय आहे. तो शब्द निष्काळजीपणे पडला तर कोडं बिघडतं.

तिसरा माणूस आला तर

या गोष्टींना आजचं रूप दिलं ते रेमंड स्मलियन यांनी. 1919 साली जन्मलेले, 2017 साली वारलेले हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ जादूचे प्रयोग करत, पियानो वाजवत आणि कोडी रचत. 1978 साली आलेल्या त्यांच्या 'व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?' या पुस्तकात खरं बोलणाऱ्या 'नाइट' आणि खोटं बोलणाऱ्या 'नेव्ह' लोकांचं एक बेट आहे. पुढे त्यांनी तिथे तिसऱ्या प्रकारचा माणूस आणला: कधी खरं बोलणारा, कधी खोटं बोलणारा. त्याला त्यांनी नाव दिलं 'नॉर्मल', म्हणजे साधा.

हा साधा माणूस आपल्या पारावर आला तर काय होईल ते बघण्यासारखं आहे. समजा बंडू साधा असू शकतो. मग "शेवंताकाकू आणि मी एका बाजूचे नाही" या वाक्यातून काय निघतं? काहीच नाही. तो ते खरंही बोलला असेल, खोटंही. शेवंताबाई खोटबोल्या ही पहिली गाठ तिथेच पुन्हा बसते आणि मागची सगळी साखळी निखळते. कायम खोटं बोलणारा माणूस खरं तर भरवशाचा असतो, कारण त्याचं बोलणं उलटं केलं की खरं मिळतं. माहिती बुडते ती कधी खरं, कधी खोटं बोलणाऱ्यापाशी. म्हणूनच ही रीत पारावर चालते, पण कोर्टातल्या साक्षीला किंवा घरच्या भांडणाला जशीच्या तशी लावता येत नाही. तिथे सगळे साधे असतात.

आता पाकीट. पोस्टमन उभा होता तिथवर परत जाऊ. पारावरच्या चार वाक्यांतून त्याला कळलं होतं की बंडू खोटबोला आहे. आणि चौघांच्या बोलण्याआधी, कुणी न विचारता, बंडू एक वाक्य बोलून गेला होता: "मी काही सरपंच नाही." तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता, कारण बोलणारा कोण हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आणि ते वाक्य आपोआप उलटलं.

पोस्टमनने पाकीट आणि सहीचा कागद बंडूपुढे धरला. बंडूने फडकं मोटारसायकलवर टाकलं, हात पुसले आणि सही केली. पाकीट खिशात घालताना म्हणाला, "हे पाकीट माझं नाही."

पोस्टमनने मान डोलावली, पोचपावती नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि पुढच्या गावाची वाट धरली.